वृत्त-अलंकारांची कार्डे: ओळ पुढे, नाव मागे

वृत्ते आणि अलंकार यांच्या उजळणीसाठी मुले कार्डे करतात, तेव्हा बहुधा पुढे नाव आणि मागे व्याख्या लिहितात. परीक्षेत मात्र ओळ समोर येते आणि नाव ओळखायचे असते. म्हणून कार्डाच्या पुढे ओळ आणि मागे नाव व थोडे स्पष्टीकरण हवे. ज्या दोन नावांत गल्लत होते, त्यांच्या ओळीही शक्य तितक्या सारख्या घ्याव्यात, म्हणजे नेमका फरक उठून दिसतो.

कार्ड १: तुझ्या अंगणी चांदणे सांडले हे
वृत्त भुजंगप्रयात. अक्षरे १२, गण य य य य. तीन-तीन अक्षरे तोडली की ‘तुझ्याअं । गणीचां । दणेसां । डलेहे’ असे गट पडतात आणि प्रत्येकात लघु-गुरु-गुरु हाच क्रम येतो. अं, चां, सां ही अक्षरे अनुस्वारामुळे गुरु.

कार्ड २: अंगणी चांदणे सांडले शारदी
वृत्त स्रग्विणी. अक्षरे इथेही १२च, पण गण र र र र, म्हणजे चारही वेळा गुरु-लघु-गुरु. नुसती अक्षरे मोजून ही दोन वृत्ते वेगळी करता येत नाहीत. लगक्रम मांडावाच लागतो.

पहिल्या कार्डावर हमखास चूक होते ती ‘तुझ्या’मध्ये. पुढे जोडाक्षर आहे म्हणून ‘तु’ गुरु धरला, की पहिला गण ‘य’ऐवजी ‘म’ होतो आणि वृत्त जुळत नाही. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला, तरच ते गुरु होते. ‘सत्य’ मोठ्याने म्हणा, ‘स’वर जोर येतो. ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर येत नाही, म्हणून तो लघुच.

अलंकारांसाठी उपमेय पळसाची फुले आणि उपमान पणत्या, हीच जोडी कायम ठेवू.

कार्ड ३: पळसाची फुले पणत्यांसारखी उजळली
उपमा. दोन्ही वस्तू वेगळ्या, त्यांच्यात साम्य दाखवले आहे.

कार्ड ४: पळसाची फुले म्हणजे जणू रानाने लावलेल्या पणत्याच
उत्प्रेक्षा. उपमेय हे जणू उपमानच आहे, अशी कल्पना केली आहे.

कार्ड ५: पळसफुलांच्या पणत्यांनी रान उजळले
रूपक. ‘जणू’ गेले आणि फुले व पणत्या एकरूप झाल्या.

कार्ड ६: ही फुले नव्हेत, रानाने लावलेल्या पणत्या आहेत
अपन्हुती. उपमेय नाकारून उपमान तेच आहे असे सांगितले आहे.

‘सारखा’, ‘जणू’, ‘वाटे’ हे शब्द खुणेपुरतेच आहेत. ‘पाऊस येईल असे वाटते’ या वाक्यात ‘वाटते’ आहे, पण उत्प्रेक्षा नाही, कारण उपमानच नाही. म्हणून आधी उपमेय आणि उपमान शोधावे, मग त्यांचे नाते पाहावे आणि नाव शेवटी सांगावे.