पाठमोरी सगुणा

समजा, भाजी विकणाऱ्या सगुणाबाईंवर दोन मिनिटांचा ॲनिमेशनपट करायचा आहे. साठीची बाई. हिरवं नऊवारी, तांबडे काठ, खणाची चोळी, डाव्या नाकपुडीत चमकी, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. चित्रं एआयकडून काढून घ्यायची. पहिलं चित्र झकास येतं. दुसऱ्यात चमकी उजवीकडे जाते, तिसऱ्यात गोंदणाचा तीळ होतो आणि चौथ्यात बाई दहा वर्षांनी लहान होऊन गोल पातळ नेसून उभी!

यात यंत्राचा खोडसाळपणा नाही. चित्र काढणारं मॉडेल दर वेळी नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतं आणि वर्णन वाचून त्यातून आकृती काढतं. काल काढलेली सगुणा त्याच्या लक्षात नसते. ‘साठीची बाई’ या शब्दांत बसणारे हजारो चेहरे असतात, त्यातला एक ते उचलतं. म्हणून आधी पात्राचा नमुना ठरवायचा, मग शॉट काढायचे.

ही युक्ती जुनीच आहे. एकच पात्र अनेक हातांनी रेखाटायचं असल्यामुळे डिस्ने स्टुडिओत मॉडेल शीट असत. जो ग्रँट यांच्या विभागाने तर ‘पिनोकिओ’च्या (१९४०) वेळी पात्रांच्या छोट्या मूर्तीही घडवल्या, म्हणजे चित्रकाराला नाक मागून कसं दिसतं हे फिरवून पाहता यावं.

सगुणाबाईंचं शीट एका चित्रापासून सुरू होतं. वीसेक नमुन्यांतून एक निवडायचा: साधी करडी पार्श्वभूमी, सगळीकडून सारखा उजेड. संध्याकाळचं सोनेरी ऊन कितीही मोहात पाडो, इथे नको. ते एकदा नमुन्यात शिरलं की भर दुपारच्या बाजारातही गालावर तीच सावली येते. मग तेच चित्र संदर्भ म्हणून देऊन समोरून, तिरकं, बाजूने आणि पाठमोरं अशी चार पूर्णाकृती चित्रं काढून घ्यायची.

चेहऱ्याचं शीट मात्र वेगळं हवं. १०२४ पिक्सेलच्या चौकोनात चार आकृत्या शेजारी उभ्या केल्या, तर एकेकीच्या डोक्याला उंचीत जेमतेम सव्वाशे पिक्सेल येतात. स्टेबल डिफ्यूजनसारखं मॉडेल चित्र प्रत्येक बाजूने आठपट आक्रसून त्यावर काम करतं, म्हणजे अख्ख्या डोक्याला उरली सोळा घरं. त्यात गोंदणाचे तीन ठिपके कुठे मावणार? म्हणून चेहरा मोठा करून, हसरा, रागावलेला, थकलेला असा स्वतंत्र काढायचा.

मिडजर्नीने मार्च २०२४ मध्ये पात्राचं संदर्भचित्र जोडायला `--cref` दिलं आणि त्याचा जोर ठरवायला `--cw`. जोर १०० ठेवला तर चेहरा, केस, कपडे सगळं उचललं जाई; ० ठेवला तर फक्त चेहरा. पुढे साधनं बदलत गेली, पण अडचण तीच राहिली: जोर फार दिला तर बाई प्रत्येक शॉटमध्ये त्याच कोनातून, तेच हसू घेऊन, कापून चिकटवल्यासारखी दिसते.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच. आठव्या शॉटसाठी सातव्याचं चित्र संदर्भ म्हणून द्यायचा मोह होतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं मग प्रत्येक पायरीला थोडं थोडं घसरत जातं. कोणतेही दोन शेजारचे शॉट ठीक वाटतात, पण पहिला आणि विसावा शेजारी ठेवले की त्या बहिणी-बहिणी दिसतात. प्रत्येक शॉट मूळ शीटकडेच परत न्यायचा. वर्णनाचे शब्दही तेच ठेवायचे. एकदा ‘हिरवं’ आणि एकदा ‘पोपटी’ लिहिलं की लुगडं बदललंच. तपासताना एकाच बाजूला असलेल्या खुणा आधी पाहाव्यात. चमकी दुसऱ्या नाकपुडीत गेली असेल, तर यंत्राने बाई आरशातली काढली आहे.

आता ॲनिमेशन. स्थिर चित्र दिलं की व्हिडिओचं मॉडेल त्याला पहिली चौकट मानतं आणि पुढच्या काही सेकंदांच्या चौकटी रचतं. चित्रात जे दिसत नाही ते त्याला ठाऊक नाही. सगुणाबाई टोपली उचलून वळल्या, की कासोटा कल्पनेनेच काढायचा, आणि मॉडेलची साडीची कल्पना बहुधा गोल पातळाची. समोरून नऊवारी, मागून पाचवारी! अनेक साधनांत शेवटची चौकटही देता येते. तिथे शीटवरून काढलेलं पाठमोरं चित्र ठेवलं, की मॉडेलला दोन टोकं मिळतात आणि मधलं वळण तेवढं रचावं लागतं.

त्यामुळे चार चित्रांपैकी वेळ कमी पडला म्हणून एखादं गाळायचंच असेल तर तिरकं गाळा. पाठमोरं गाळू नका.