छतावरचे सौरसंच बसवणाऱ्या कंपनीचा हिशेब

छतावर सौरसंच बसवून देणाऱ्या लहान कंपनीच्या व्यवसाय आराखड्यात पॅनेलच्या किमतीइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व कोणत्या ग्राहकाला किती मोठा संच द्यायचा आणि त्याचे पैसे केव्हा हातात येतील या दोन प्रश्नांना असते. तालुक्याच्या गावी सुरू होणाऱ्या कंपनीचे बहुतेक ग्राहक महावितरणचे घरगुती वीजग्राहक असतात, आणि त्यांचे गणित फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’भोवती फिरते.

या योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळते. म्हणजे तीन किलोवॉटला ७८,००० रुपये, आणि संच त्याहून कितीही मोठा असला तरी घरासाठी तेवढेच. गृहनिर्माण संस्थेच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये आहेत. अनुदानासाठी पॅनेल देशी सौरसेलचे असावे लागते आणि काम नोंदणीकृत विक्रेत्यानेच करावे लागते. पाच वर्षांची देखभालही त्याच्याकडेच असते, म्हणून तिचा खर्च विक्रीच्या दिवशीच किमतीत धरलेला बरा.

एक नमुना हिशेब पाहू. महिन्याला सुमारे ३०० युनिट वापरणाऱ्या घराने तीन किलोवॉटचा संच १,९०,००० रुपयांना घेतला असे धरू. एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात ती कमी होते, मार्च-एप्रिलमध्ये भरून निघते. जादा युनिट नेट मीटरिंगमुळे पुढच्या महिन्यात वळते होत असल्याने वर्षाचा मेळ बसतो. बिलात महिन्याला २,५०० रुपये वाचले, तर अनुदान वजा जाता उरलेले १,१२,००० रुपये पावणेचार वर्षांत वसूल होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, त्यामुळे ‘बिल शून्य’ असे ग्राहकाला सांगू नये.

शंभर युनिटांखालच्या घराचे चित्र निराळे असते. विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, आणि अशा घराची सगळी वीज सर्वांत स्वस्त टप्प्यातली असते. ७०,००० रुपयांचा एक किलोवॉटचा संच अनुदानानंतर ४०,००० रुपयांना पडला आणि महिन्याला ५५० रुपये वाचले, तर परतफेडीला सहा वर्षे लागतात. अशा घराला तीन किलोवॉटचा संच गळ्यात मारणे ही फसवणूक आहे. वापरण्याजोगी वीज थोडीच, आणि वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा दर अगदी कमी असतो.

रोख रक्कम नसेल तर तीन किलोवॉटपर्यंत दोन लाख रुपयांचे विनातारण कर्ज सरकारी बँका रेपो दरापेक्षा अर्धा टक्का जास्त व्याजाने देतात. वरच्या उदाहरणात दहा टक्के, म्हणजे १९,००० रुपये, ग्राहकाने घातले तर कर्ज १,७१,००० रुपयांचे होते. सहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर हप्ता १,९०० रुपयांच्या आसपास पडतो. अनुदान आल्यावर ते कर्जखात्यात भरून हप्ता नव्याने ठरवून घेतला, तर तो हजार-अकराशेवर येतो. म्हणजे पहिल्या महिन्यापासून हप्ता बचतीपेक्षा कमीच असतो.

कंपनीची खरी कसोटी मात्र इथे लागते. अनुदान कंपनीला नव्हे, तर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते, आणि तेही संच बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर. स्पर्धेपोटी ‘अनुदान आले की उरलेले द्या’ असे कबूल करणाऱ्या कंपनीचे दहा घरांमागे ७,८०,००० रुपये अडकतात. पॅनेल आणि इन्व्हर्टरच्या व्यापाऱ्याला मात्र रोख लागते. १,९०,००० मधून साहित्याचे दीड लाख आणि मजुरी-वाहतुकीचे १५,००० गेले, तर हाती २५,००० उरतात. त्यातूनच पगार, कार्यालय आणि पाच वर्षांच्या फेऱ्या भागवायच्या. त्यात अडकलेल्या रकमेचे व्याज शिरले की नफा संपतो. म्हणून पूर्ण किंमत ग्राहकाकडून किंवा त्याच्या बँकेकडून टप्प्याटप्प्याने घ्यावी आणि अनुदान त्याचे त्याला मिळू द्यावे.

अडचण बहुधा कागदातच निघते. वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि बँक खाते नातवाचे, असे घर सर्रास आढळते. आधी बिलावरचे नाव बदलून घ्यावे आणि मगच साहित्य मागवावे. छतावर जाऊन पाण्याच्या टाकीची सावली दुपारी चारला कुठे पडते तेही पाहावे. एका पॅनेलवरच्या सावलीने ओळीतल्या साऱ्या पॅनेलची वीज घटू शकते.

संच चालू झाल्यावर नेहमीची तक्रार येते, की इन्व्हर्टर जास्त युनिट दाखवतो आणि बिलात कमी दिसतात. दिवसा घरातच वापरलेली वीज नेट मीटरमधून जात नाही, म्हणून ती बिलात दिसत नाही. संच नीट चालतो की नाही हे इन्व्हर्टरच्या महिनावार आकड्यावरून ठरवावे. तीन किलोवॉटचा संच लख्ख उन्हाच्या महिन्यात ३०० युनिटांच्या बराच खाली राहिला, तर धूळ, सावली किंवा सैल जोड यांपैकी काहीतरी आहे असे समजून कंपनीला बोलवावे.