घसा दुखतोय, पण नाक वाहतंय का?

गावच्या आरोग्य शिबिरात घशाच्या दुखण्यावर बोलायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. समोर आया, आज्या, कडेवर पोरं. तेवढ्या वेळात सगळे आजार सांगून होत नाहीत, म्हणून मी सुरुवात एका प्रश्नाने करतो: घसा दुखतोय ना, मग नाक वाहतंय का?

नाक वाहत असेल, शिंका आणि खोकला असेल, आवाज बसला असेल, डोळे लाल झाले असतील, तर ते बहुधा साध्या विषाणूंचं काम असतं. मुलांच्या घशाची बहुतेक दुखणी याच जातीची. त्यांवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग होत नाही. आठवडाभरात घसा आपोआप बरा होतो. तोवर मुलाला कोमट पाणी, पेज, वरणाचं पाणी असं जे गिळवेल ते थोडं थोडं देत राहावं. गुळण्या करता येण्याएवढं मोठं असेल तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. मध चालेल, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नाही. ताप-दुखीला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यायचं असतं आणि इथे एक घोटाळा हमखास होतो. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असतं, तर दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच ५ मिलीमध्ये २५०. ‘एक झाकण दे’ असं शेजारणीने सांगितलं म्हणून दिलं, की निम्मं तरी जातं नाहीतर दुप्पट. बाटलीवरचा आकडा आणि मुलाचं वजन आशाताईंना दाखवून विचारून घ्यावं. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट, ज्यात सकाळचीही वाट बघायची नसते. मुलाला स्वतःची थुंकी गिळता येत नाही आणि तोंडातून लाळ गळते आहे. श्वास आत घेताना घर्र असा आवाज येतो किंवा छाती आत ओढली जाते. तोंड पुरतं उघडत नाही, घशात गरम बटाटा अडकल्यासारखा आवाज येतो, मान वळवता येत नाही. ओठ निळसर पडलेत, मूल सुस्तावलंय किंवा दिवसभर लघवीच झालेली नाही. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करावा आणि सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावं. लाळ गळणाऱ्या मुलाच्या तोंडात चमचा घालून घसा बघू नये आणि त्याला जबरदस्तीने आडवं करू नये. सुजलेला श्वासमार्ग तेवढ्यानेही बंद होऊ शकतो. ते पुढे वाकून बसलं असेल तर तसंच बसू द्यावं.

याच रांगेत घटसर्प येतो. घशात करडी, चामड्यासारखी साय धरते, ती खरवडली तर रक्त येतं, आणि गळा दोन्ही बाजूंनी फुगतो. पडजीभ पडली असं म्हणून घशात बोट घालून मीठ-राख चोळणारी मंडळी अजून भेटतात. घटसर्पात ते जीवघेणं ठरू शकतं. मुलाच्या लसी अर्धवट राहिल्या असतील तर डॉक्टरांना हे आधी सांगावं. पाच-सहा वर्षांचा बूस्टर आणि दहा व सोळा वर्षांची टीडीची लस फार घरांत विसरली जाते.

या दोन टोकांच्या मध्ये जे दुखणं आहे, त्यासाठी मी उरलेला सगळा वेळ ठेवतो, कारण ते फसवं आहे. समजा, तिसरीतला आठ वर्षांचा एक मुलगा. सोमवारी शाळेतून आला तो डोकं धरूनच. रात्री १०२ ताप, पोटात दुखलं, एकदा उलटी झाली. घास गिळताना डोळ्यांत पाणी. नाक कोरडं, खोकला नाही. मंगळवारी उजेडात ‘आ’ करायला लावलं तर टॉन्सिल लालबुंद, त्यांवर पांढरे ठिपके. जबड्याच्या कोपऱ्याखाली दोन्हीकडे गाठी, दाबल्या की दुखतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलात असं एकदम सुरू झालं तर स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूचा संशय घ्यायचा आणि एक-दोन दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. अंगावर वाळूच्या कागदासारखं खरखरीत लाल पुरळ असेल तर संशय आणखी पक्का. तीन वर्षांखालच्या मुलांत हा जिवाणू क्वचितच असतो. खात्री घशातून कापसाच्या काडीने नमुना घेऊन होते. ती सोय नसेल तिथे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.

फसवं अशासाठी, की या मुलाला काहीच औषध दिलं नाही तरी शनिवार-रविवारपर्यंत तो बहुधा खेळायला लागतो. आजी म्हणते, हळद-दुधाने उतरलं. घसा खरोखरच बरा झालेला असतो. पण जिवाणूशी लढायला शरीराने जी शस्त्रं तयार केली, ती काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालतात. अंधारात चोर समजून घरच्याच माणसावर काठी पडावी तशी. याला र्‍हुमॅटिक फीवर म्हणतात. तो सगळ्यांना होत नाही, थोड्याच मुलांना होतो. पण त्यात खराब झालेली झडप पूर्ववत होईलच असं नाही. पुढे तरुणपणी, बायकांना तर बाळंतपणात, दम लागू लागतो.

इथे एक दिलासा आहे. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सुरू केलं तरी हा ताप टाळता येतो. म्हणजे गुरुवारच्या बाजारासाठी तालुक्याला जाताना नेलं तरी उशीर होत नाही. मात्र गोळ्या पूर्ण दहा दिवस द्यायच्या. दोन-तीन दिवसांत ताप जातो आणि तिथेच घोडं अडतं. उरलेल्या गोळ्या फळीवर जातात आणि पुढच्या खेपेला धाकट्याला दिल्या जातात, ज्याला मुळात सर्दी झालेली असते. दहा दिवस पाळणं जमणार नाही असं वाटलं तर तसं डॉक्टरांना सांगावं. पेनिसिलिनचं एकच लांब टिकणारं इंजेक्शनही देता येतं. पूर्वी कधी पेनिसिलिनने पुरळ किंवा धाप लागली असेल तर तेही आधी सांगायचं.

समजा, आपल्या मुलाचं हे सगळं हुकलं. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा ताप आला. गुडघा सुजला, हात लावू देईना. दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि घोटा धरला. घरचे म्हणतात, खेळताना पडला असेल. कधी सांधे दुखतही नाहीत. मूल नुसतं धापा टाकतं किंवा हातातली पेन्सिल सुटते, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात. काही मुलांचा चेहरा सकाळी सुजतो आणि लघवी काळ्या चहासारखी होते. तो मूत्रपिंडाचा त्रास, पण मूळ तेच. यातलं काहीही घेऊन दवाखान्यात गेलात की महिन्याभरापूर्वी घसा दुखला होता हे तुम्ही होऊन सांगा. गुडघा दाखवायला आलेल्या आईला घशाचं आठवत नाही, आणि ते कळल्याशिवाय डॉक्टरांच्या मनातही हृदयाची तपासणी लगेच येईलच असं नाही. एकदा हा ताप आल्याचं ठरलं, की दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन कित्येक वर्षं घ्यावं लागतं, कारण पुन्हा घसा धरला तर झडप आणखी बिघडते.