फटक्याआधीचा एक सेकंद

ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर १५ मे २००२ रोजी चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना चालू होता. रेआल माद्रिद आणि बायर लेव्हरकुसेन १-१ असे बरोबरीत होते आणि मध्यंतर अगदी तोंडावर आलं होतं. डाव्या बगलेवरून धावत सुटलेल्या रॉबेर्तो कार्लोसने बचावपटू अंगावर येत असताना कसाबसा चेंडू उचलला. नेमका पास म्हणावा असं त्यात काही नव्हतं. चेंडू नुसताच उंच गेला आणि पेनल्टी बॉक्सच्या कडेशी उतरू लागला. तिथे झिनेदिन झिदान होता. त्याने चेंडूचा टप्पा पडू दिला नाही. डाव्या पायाने तो असा मारला, की गोलरक्षक बुटच्या हातांवरून चेंडू वरच्या कोपऱ्यात शिरला. माद्रिदने सामना २-१ असा जिंकला. झिदान मुळात उजव्या पायाचा खेळाडू, हेही लक्षात घ्यायला हवं.

टप्पा पडण्याआधी हवेतल्या हवेत मारलेल्या या फटक्याला व्हॉली म्हणतात. या गोलचं चित्रण पुन्हा पाहाल तेव्हा पाय सोडून द्या आणि त्याआधीचा एक सेकंद बघा. झिदान पडत्या चेंडूच्या जागेवर आधीच पोचलेला आहे, मान वर आहे, अंग वळायला लागलंय. पण पाय अजून सुटलेला नाही. माझ्या मते त्या गोलचं सगळं मोल या न सुटलेल्या पायात आहे.

थोडं गणित करून पाहू. समजा, चेंडू आपण जिथे मारणार त्याच्या पाच मीटर वरून खाली पडतोय. पायापर्यंत यायला त्याला साधारण एक सेकंद लागेल आणि तोवर त्याचा खाली येण्याचा वेग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास गेला असेल. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात तो दहा सेंटिमीटर खाली सरकतो. फुटबॉलचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत अकरा. आडवा फिरणारा पाय शंभरांश सेकंद लवकर आला, तर चेंडूचा मध्य अजून दहा सेंटिमीटर वर असतो. बूट त्याच्या तळाला घासतो आणि चेंडू क्रॉसबारवरून प्रेक्षकांत जातो. तेवढाच उशीर झाला, तर पाय चेंडूच्या डोक्यावर बसतो आणि चेंडू समोरच्या गवतात आपटतो. गावोगावच्या मैदानांवर यातली पहिली चूक दुसरीपेक्षा कितीतरी जास्त दिसते. चेंडू हवेत दिसला की पायाला घाई होते. ‘येऊ दे रे खाली!’ असं कोच बाहेरून ओरडत असतात ते म्हणूनच.

शंभरांश सेकंदाचा हा हिशेब जमवायचा कसा? इथे नजरेचं काम येतं, आणि ते समजतं त्यापेक्षा लवकर सुरू होतं. डोळ्यांनी पाहिलेलं पायापर्यंत पोचून हालचाल बदलायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. वरच्या उदाहरणातला चेंडू शेवटच्या पाव सेकंदात दोन मीटरहून जास्त खाली येतो. म्हणजे चेंडू डोक्याच्या बराच वर असतानाच पाय कधी सोडायचा हे ठरलेलं असतं. पुढे त्यात फारशी दुरुस्ती होत नाही. म्हणून चेंडू समोरच्याच्या पायावरून सुटल्यापासून त्याच्यावर नजर हवी. तो किती उंच गेला, वाऱ्याने कुठे वळतोय, फिरकी आहे का, हे सगळं तो वर असतानाच वाचायचं.

मग शेवटपर्यंत चेंडूकडे कशाला बघायचं, असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर मानेत आहे. ऐन वेळी गोलकडे बघायला मान उचलली, की खांदे मागे जातात, छाती उघडी पडते आणि पायाचा मार्ग वर चढतो. गोल कुठे आहे ते चेंडू वर असताना एकदा पाहून घ्यावं. गोल जागा सोडत नाही. त्यानंतर बूट चेंडूला लागून जाईपर्यंत मान हलवायची नाही.

आता अंग. कमरेच्या उंचीवरचा चेंडू समोरासमोर उभं राहून मारायला गेलात, तर पाय खालून वर येतो आणि चेंडू आकाशात जातो. म्हणून चेंडूला बाजू द्यायची. डाव्या पायाने मारायचं असेल, तर अंगाचा भार उजव्या पायावर, त्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला, आणि धड उजवीकडे कललेलं. धड कललं तरच डावा पाय खुब्यातून आडवा उचलता येतो. हात पसरलेले असू द्या, तोल त्यांच्यावर सांभाळला जातो. मग पाय फाटकासारखा फिरतो: बिजागरी खुब्यात, आणि शेवटचा झटका गुडघ्याखालच्या भागाचा. मारणाऱ्या पायाचा गुडघा चेंडूच्या उंचीवर किंवा थोडा वर असेल, तर फटका सरळ किंवा खालच्या दिशेने जातो. झिदान उजव्या पायावर असाच फिरला.

पायाचं पाऊल कसं आहे, याकडे दुर्लक्ष होतं. बोटं ताणलेली आणि घोटा घट्ट हवा. चेंडू लेसच्या हाडावर बसला पाहिजे. चेंडू आणि बूट एकमेकांना लागून असतात ते सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढेच. तेवढ्यात घोटा सैल असेल तर तो मागे मुडपतो, जोर त्यातच मुरतो आणि चेंडू मेल्यासारखा पडतो. नीट बसलेल्या व्हॉलीचा आवाज घट्ट, एकच येतो आणि पायाला फारसं काही जाणवत नाही. नडगीला चेंडू लागला तर तुम्ही चेंडूच्या फार जवळ गेला होतात. बोटांना झोंबला तर लांब राहिलात. दोन्हीचा इलाज पायात नसून आधीच्या दोन-तीन छोट्या पावलांत आहे.

जोराची चिंता करायची गरज नाही. पाय फार मागे नेला, तर त्याला परत यायला वेळ लागतो आणि अंदाज चुकण्याची शक्यता वाढते. आखूड झोका आणि नेमका मध्य हा सौदा लांब झोक्यापेक्षा नेहमी फायद्याचा.

सरावाची सुरुवात उंच चेंडूने करणं मला चुकीचं वाटतं. आधी स्वतःच्या हातातून चेंडू सोडा आणि गुडघ्याच्या खाली आल्यावर भिंतीवर मारा. इथे पडण्याचा वेग कमी, म्हणून चुकीला जागा जास्त. ते जमलं की सोबत्याने पाच-सात पावलांवरून, बाजूने, हाताने कमरेएवढा चेंडू टाकावा. इथे अर्धाच जोर लावायचा. गोलच्या वरून चेंडू जातोय, तर पुढच्या वेळी दुसरं काहीही न बदलता फक्त क्षणभर उशिरा मारून बघा; बहुतेक वेळा तेवढ्याने चेंडू खाली येतो. तरीही वर जात असेल, तर सोबत्याला तुमच्या खांद्यांकडे बघायला सांगा, ते मागे जात असतील. उंचावरून पायाने मारलेला चेंडू घ्यायचा तो या सगळ्यानंतर.

आणि काही चेंडू व्हॉलीचे नसतातच. पडण्याच्या जागी आपण चेंडूच्या आधी पोचत नसू, तर बाजू देणं, भार घेणं, मान स्थिर ठेवणं यातलं काहीच होत नाही. अशा वेळी तो छातीवर घेऊन खाली ठेवावा. मैदान मात्र खडबडीत किंवा पावसाने चिखल झालेलं असेल, तर हिशेब उलटतो. टप्प्यानंतर चेंडू कुठे उडेल याचा भरवसा नसतो, आणि हवेतून येणारा चेंडू निदान सरळ मार्गाने खाली येत असतो.