चाळीस सह्यांमधली एक ओळ

निरोपाचं कार्ड आपल्या टेबलावर येतं ते बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतर, एखाद्या फाईलमध्ये लपवून. आणणारा दबक्या आवाजात सांगतो, "पटकन लिहा, अजून लेखा शाखा राहिलीय." कार्ड उघडलं की मधोमध साहेबांची ऐसपैस सही दिसते आणि तिच्याभोवती पंचवीस-तीस ओळी. 'भावी आयुष्यासाठी हार्दिक शुभेच्छा', 'हॅपी रिटायर्ड लाईफ', 'तुमची उणीव सदैव भासेल', 'असेच हसत राहा'. आपण त्यातलीच एक उचलतो, थोडी फिरवतो, सही करतो आणि कार्ड पुढे सरकवतो.

यात आळस कमी आणि रचनेचा दोष जास्त आहे. कार्ड हातोहात फिरतं, त्यामुळे प्रत्येकाला आधीच्या सगळ्यांचं लिहिलेलं दिसतं. पहिल्याने 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलं की त्या कार्डाचा सूर ठरला. त्यानंतरचा माणूस काय लिहावं यापेक्षा इथे काय लिहितात हे बघतो. म्हणून पहिली युक्ती साधी आहे: कार्ड उघडायच्या आधी ओळ ठरवायची, ती एखाद्या चिठोऱ्यावर लिहायची आणि मगच कार्ड उघडायचं.

सारखेपणात काय होतं, हे मानसशास्त्राने फार पूर्वी तपासलं आहे. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन संशोधक बाईंनी १९३३ साली दाखवून दिलं, की एका जातीच्या गोष्टींच्या यादीत एकच वेगळ्या जातीची गोष्ट असेल तर ती जास्त लक्षात राहते. निरर्थक अक्षरांच्या रांगेत मधेच एक आकडा असावा तशी. वेगळी गोष्ट स्वतः फार चमकदार असावी लागत नाही, आजूबाजूचं एकसारखं असलं की पुरतं. निरोपाच्या कार्डावर ही सोय इतरांनी आपल्यासाठी आयतीच करून ठेवलेली असते.

मात्र वेगळेपण शाईत शोधू नये. लाल स्केचपेनने ठळक लिहिलेली ओळ नजरेत भरते खरी, पण लक्षात राहतो तो रंग, शिवाय शेजारच्या दोघांची जागा जाते. जागेचा हिशेब करून बघा. ए-फोर आकाराचा कागद मधोमध दुमडून केलेलं कार्ड आतून सुमारे ३० बाय २१ सेंटीमीटर भरतं. चाळीस माणसांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच बाय तीन सेंटीमीटर येतात, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाचा जेमतेम तिसरा हिस्सा. सही धरून त्यात दहा-बारा शब्द बसतात. तेवढ्यात कर्तृत्वाचा आढावा मावत नाही, एक गोष्ट मावते.

ती गोष्ट कशी काढायची ते एका उदाहरणावर बघू. समजा, एखाद्या सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसलेले काका निवृत्त होत आहेत. पहिला मसुदा हातातून आपोआप उतरतो: 'काका, आपल्या मनमिळाऊ स्वभावामुळे कार्यालयात नेहमी आनंदी वातावरण असायचं.' वाक्य चांगलं आहे, खोटंही नाही. पण हेच वाक्य शेजारच्या लेखापालांच्या कार्डावर लिहिलं तर काही बिघडेल का? नाही बिघडणार. ओळ अशी उचलून दुसऱ्याच्या कार्डावर ठेवता आली, की ती टाकून द्यायची.

मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख, मार्गदर्शक ही विशेषणं कुणालाही बसतात. त्याऐवजी स्वतःला विचारायचं, की हा माणूस काय *करायचा*, तेही माझ्यासमोर? आता आठवतं. पत्राच्या शेवटी आपण सवयीने 'सोबत : वरीलप्रमाणे' टाइप करायचो आणि सोबतचे कागद जोडायला विसरायचो. जावक क्रमांक टाकण्याआधी काका पत्र उलटंसुलटं करून बघायचे आणि चष्म्यावरून विचारायचे, "सोबत लिहिलंय, पण जोडलंय कुठे?" दुसरा मसुदा असा होतो: 'काका, जावक क्रमांक टाकण्यापूर्वी प्रत्येक पत्र बारकाईने तपासण्याची आपली सवय आम्हाला नेहमी आठवेल.' हे काकांचंच आहे, दुसऱ्या कुणाला बसणार नाही. पण गोपनीय अहवालातला शेरा वाटतो.

आता 'सवय', 'बारकाईने', 'आठवेल' हे सगळं काढायचं आणि काकांचं बोलणंच ठेवायचं. तिसरा मसुदा: '"सोबत लिहिलंय, पण जोडलंय कुठे?" काका, आता हे विचारणार कोण?' दहा शब्द झाले. यात कौतुकाचा एकही शब्द नाही, तरी कौतुक पोचतं. आपण विसरायचो हेही त्यात आलं, म्हणजे लिहिणाराही ओळखता येतो. आणि महत्त्वाचं म्हणजे हे काकांना घरी सांगावंसं वाटेल. कार्ड खरं वाचलं जातं ते समारंभात नव्हे, रात्री घरी; बायको, मुलं, कदाचित सूनबाई ते हातात घेतात आणि विचारतात, "हे काय हो लिहिलंय?"

घरच्यांच्या या वाचनामुळेच काही गोष्टी बाद होतात. पार्टीतला किस्सा, उसने पैसे, लेटमार्क, टक्कल, वजन. ऑफिसात ज्यावर सगळे खिदळतात ते मुलीसमोर वाचताना माणूस ओशाळतो. 'आता मस्त आराम करा' हेही सांभाळून. पुढच्याच महिन्यापासून दुसरीकडे काम धरायची गरज असलेल्याला ते टोचू शकतं.

ओळख फारशी नसेल तर जवळीक रचू नये. कमी ओळखीतही खरं काहीतरी दिसलेलं असतं: 'आपलं बोलणं लिफ्टपुरतंच झालं, पण दरवेळी तुम्ही दार धरून थांबलात.' सगळ्यांत अवघड कार्ड म्हणजे ज्यांच्याशी कधी पटलं नाही अशा साहेबांचं. तिथे 'आदर्श मार्गदर्शक' लिहिलं तर त्यांनाही खोटं कळतं. एक खरी गोष्ट शोधावी आणि थांबावं: 'सर, तुमची बैठक दिलेल्या वेळेलाच संपायची.' यापेक्षा एक शब्दही जास्त नको.

सहीबद्दल थोडं. रोजची शॉर्ट सही फाईलवर ठीक आहे, पण दहा वर्षांनी कार्ड हाती आलं तर ती कुणाची हे कळणार नाही. नाव पूर्ण लिहावं, जमल्यास शाखाही. गुळगुळीत कागदावर जेल पेन पसरतो आणि कार्ड मिटताच समोरच्या पानावर उमटतो. साधा बॉलपेन बरा.

आणि मे महिन्यात जास्त सावध राहायला हवं. एकेकाळी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे रोजी राज्यभर एकदम निवृत्तीची लाट येते. एकाच कार्यालयात तीन-चार कार्डं एकाच दुपारी फिरतात, आणि एक ओळ चारही ठिकाणी लिहायचा मोह होतो. पण ही मंडळी संध्याकाळी एकाच सभागृहात शाल-श्रीफळ घेऊन शेजारी-शेजारी बसलेली असतात. भाषणं लांबली की करायला दुसरं काही नसतं, मग ती एकमेकांची कार्डं वाचतात.