चक्रवाढ की घातवाढ?

कुठलाही आकडा जरा जोरात वाढताना दिसला की त्या वाढीला 'घातांकी' म्हणून मोकळं व्हायची सवय आपल्याला लागली आहे. आलेख वरच्या दिशेने वळला, की झालं. पण वरच्या दिशेने वळणाऱ्या रेषांची दोन वेगळी घराणी आहेत. नुसत्या नजरेला ती सारखीच दिसतात आणि पुढे जाऊन मात्र फार वेगळ्या ठिकाणी पोचतात. त्यांना वेगळं करायचं काम आलेखापेक्षा आकड्यांचा साधा तक्ता चांगलं करतो. त्यासाठी भागाकार यायला हवा आणि अकरावी-बारावीत वापरलेलं लॉग टेबल थोडंफार आठवायला हवं.

पहिलं घराणं चक्रवाढीचं. आठ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवलेले पैसे साधारण नऊ वर्षांत दुप्पट होतात, पुढच्या नऊ वर्षांत पुन्हा दुप्पट. काळाचा तुकडा सारखा घेतला की पट सारखी येते. घातांकी वाढ म्हणतात ती हीच. दुसरं घराणं घाताचं. चौरसाची बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं. बाजू २ फुटांची ४ फूट केली काय किंवा २०० फुटांची ४०० केली काय, उत्तर चौपटच. इथे बाजू किती फुटांनी वाढली याला महत्त्व नाही, किती पटीने वाढली याला आहे.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो: डावीकडच्या रकान्यात 'फरक' सारखा घेतल्यावर उजवीकडची पट स्थिर राहते, की डावीकडे 'पट' सारखी घेतल्यावर?

अडचण अशी, की खऱ्या तक्त्यात डावीकडचे आकडे आपल्या सोयीने सारख्या फरकाचे किंवा सारख्या पटीचे नसतात. तिथे लॉग कामाला येतो. दुपटीचा लॉग ०.३०१, चौपटीचा ०.६०२, आठपटीचा ०.९०३. गुणाकाराच्या पायऱ्या लॉग बेरजेच्या पायऱ्यांत मोजून देतो. त्यामुळे लहानमोठ्या पटींची एकमेकींशी तुलना करता येते.

याचं सर्वांत देखणं उदाहरण सूर्यमालेचं आहे. ग्रहाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर (पृथ्वीचं अंतर १ धरून) आणि सूर्याभोवती एक फेरी मारायला लागणारी वर्षं, एवढाच तक्ता:

| ग्रह | अंतर | वर्षं |
|---|---|---|
| बुध | ०.३८७ | ०.२४१ |
| शुक्र | ०.७२३ | ०.६१५ |
| पृथ्वी | १ | १ |
| मंगळ | १.५२४ | १.८८१ |
| गुरू | ५.२०३ | ११.८६ |
| शनी | ९.५३७ | २९.४६ |

आधी चक्रवाढीची शंका तपासू. बुधाकडून शुक्राकडे जाताना अंतर ०.३३६ ने वाढतं आणि काळ २.५५ पट होतो. हाच दर पूर्ण १ एकक अंतराला लावला तर काळ सुमारे १६ पट व्हायला हवा. मंगळाकडून गुरूकडे जाताना तोच दर एककामागे १.६५ पट भरतो आणि गुरूकडून शनीकडे जाताना जेमतेम १.२३ पट. १६, १.६५, १.२३. आकडा स्थिर राहणं दूरच, तो कोसळतो आहे. चक्रवाढ बाद.

आता पटींचे लॉग. बुध ते शुक्र अंतराची पट १.८६८, तिचा लॉग ०.२७१. काळाची पट २.५५२, तिचा लॉग ०.४०७. दुसऱ्याला पहिल्याने भागा: १.५०. मंगळ ते गुरू अंतराची पट ३.४१, लॉग ०.५३३. काळाची पट ६.३१, लॉग ०.८००. भागाकार पुन्हा १.५०. गुरू ते शनी: ०.३९५ भागिले ०.२६३, पुन्हा १.५०. पृथ्वी ते मंगळ हे आपलं आपण करून पाहा.

हा दीड म्हणजे घात. अंतराचा दीडवा घात म्हणजे काळ. दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात. केप्लरचा तिसरा नियम तो हाच. केप्लरने १५९६ च्या आपल्या पहिल्या मोठ्या पुस्तकातच ग्रहांची अंतरं आणि त्यांचे काळ यांचा संबंध शोधायला सुरुवात केली होती. त्याच्याच नोंदीनुसार ही कल्पना त्याला ८ मार्च १६१८ रोजी सुचली, हिशेबात चूक झाल्यामुळे त्याने ती टाकून दिली आणि १५ मे रोजी ती पुन्हा त्याच्या हाती लागली. नेपियरचं लॉगरिदमचं पुस्तक १६१४ मध्ये छापलं गेलं होतं आणि केप्लरने पुढे आपल्या १६२७ च्या ग्रहकोष्टकांत लॉगरिदम वापरलेही. नियम सापडण्यात त्यांचा हात होता का, हा वेगळा विषय. आपण मात्र जे पाच मिनिटांत केलं त्याला त्याची बावीस वर्षं गेली, हे खरं आहे.

केप्लरच्या तक्त्यात एक गोष्ट आपल्याला फुकट मिळाली आणि ती बहुतेक तक्त्यांत मिळत नाही. अंतर सूर्यापासून मोजायचं, म्हणजे शून्य कुठे आहे हे निसर्गानेच ठरवून दिलं आहे. पट काढायची तर शून्य पक्कं लागतं. फरक काढायला ते लागत नाही. म्हणून चक्रवाढीच्या चाचणीला तुम्ही मोजणी कुठून सुरू केलीत याच्याशी देणंघेणं नसतं आणि घाताच्या चाचणीचं सगळं त्यावरच अवलंबून असतं. माझ्या मते या पद्धतीतला खरा धोका इथे आहे. आकडेमोडीत चुकणारे फार थोडे असतात.

भारताच्या जनगणनेचे आकडे घ्या. १९५१ मध्ये ३६.१ कोटी, १९६१ मध्ये ४३.९, १९७१ मध्ये ५४.८, १९८१ मध्ये ६८.३, १९९१ मध्ये ८४.६. दशकं सारखी आहेत, तेव्हा पटी लगेच निघतात: १.२२, १.२५, १.२५, १.२४. चाळीस वर्षं जवळजवळ स्थिर, म्हणजे सरळसरळ चक्रवाढ.

पण एखाद्या उत्साही माणसाने घाताची चाचणीही लावायची ठरवली आणि डावीकडच्या रकान्यात सनच ठेवले तर? १९६१ भागिले १९५१ ही पट १.००५ च्या आसपास. तिचा इवलासा लॉग लोकसंख्येच्या पटीच्या लॉगखाली घातला की घात येतो ३८, पुढच्या तीन दशकांसाठी ४३.६, ४३.५ आणि ४२.५. हेही स्थिरच! म्हणजे लोकसंख्या इसवी सनाच्या त्रेचाळिसाव्या घाताने वाढली? हा विनोद का होतो ते सोपं आहे. १९५१ पासून १९९१ पर्यंत सनाची पट दोन टक्क्यांच्या आसपासच बदलते. इतक्या चिंचोळ्या पट्टीत सारखे फरक आणि सारख्या पटी यांत काही अंतरच उरत नाही, त्यामुळे दोन्ही चाचण्या एकच गोष्ट दोनदा सांगतात.

आता त्याच माणसाने शून्य हलवून १९४१ ला ठेवलं, म्हणजे वर्षं १०, २०, ३०, ४०, ५० झाली, तर तेच घात ०.२८, ०.५५, ०.७७, ०.९६ असे येतात. लोकसंख्येचा एकही आकडा बदललेला नाही आणि त्रेचाळीसच्या जागी पाऊण-एक आला, तोही दर दशकाला चढत जाणारा. एकसारखा चढत जाणारा घात ही चक्रवाढीची खूणच आहे. उलट, एककामागची पट एकसारखी उतरत गेली, ग्रहांच्या तक्त्यात १६ वरून १.२३ वर आली तशी, तर घाताचा संशय घ्यावा.

यावरून तक्ता किती रुंद हवा हेही कळतं. डावीकडची पट १.०२ असेल आणि उजवीकडच्या मोजमापात एक टक्क्याची चूक असेल, तर भागाकारात आलेला घात अर्ध्याने इकडेतिकडे होऊ शकतो. केप्लरच्या ग्रहांत बुध ते शनी अंतर जवळजवळ पंचवीस पट होतं, म्हणून दीड इतका स्वच्छ दिसला. शेजारशेजारच्या ओळी सोडून शक्य तितक्या लांबच्या ओळींची जोडी घ्यावी, ती याच कारणाने.

शून्य माहीतच नसेल तर काय करायचं? तेव्हा लॉग बाजूला ठेवून दुपटीचा काळ पाहावा. चक्रवाढीत तो बदलत नाही. घातवाढीत तो सरळ रेषेत लांबत जातो आणि ती रेषा मागे नेली की जिथे शून्याला भिडते तिथे बऱ्यापैकी शून्य सापडतं.

अमेरिकेतल्या एड्सच्या सुरुवातीच्या वर्षांत नेमकं हेच झालं. साथ म्हटलं की चक्रवाढ असं सगळे धरून चालले होते. पण लॉस अलामोसच्या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं, की एकूण रुग्णसंख्या १९८१ च्या सुरुवातीपासून मोजलेल्या काळाच्या घनाप्रमाणे वाढत होती. रुग्णसंख्येचं घनमूळ काढलं की सरळ रेषा मिळे. घनवाढीत दुप्पट व्हायला काळ सव्वापट व्हावा लागतो. म्हणजे एक वर्ष झालं असताना दुपटीला तीनेक महिने, चार वर्षं झाली असताना सुमारे एक वर्ष. चक्रवाढ धरून केलेला अंदाज दर वर्षी आणखी फुगत गेला असता. त्यांनी कारणही सुचवलं: जास्त जोखमीचे लोक मुख्यतः आपसांतच संपर्कात असतात, तो गट आधी भरून जातो आणि संसर्ग हळूहळू कमी जोखमीच्या गटांत सरकतो, म्हणून वेग मंदावत जातो. करोनाच्या साथीतही चीनमध्ये २०२० च्या सुरुवातीला रुग्णसंख्या काळाच्या साधारण वर्गाच्या चालीने वाढली होती. तिथे कारण वेगळं होतं: निर्बंध आणि विलगीकरण यांमुळे संसर्ग होऊ शकेल अशी माणसंच साथीच्या आवाक्यातून कमी होत गेली.

आणि आपली जनगणना? १९९१ नंतरच्या दोन ओळी मुद्दाम मागे ठेवल्या होत्या. २००१ मध्ये १०२.९ कोटी, २०११ मध्ये १२१.१ कोटी. पटी १.२२ आणि १.१८. दुपटीचा काळ साठ आणि सत्तरच्या दशकांत ३१ वर्षांच्या जवळ होता, शेवटच्या दशकात तो ४२ वर्षांवर गेला. तो आधी स्थिर होता आणि मग लांबू लागला, पहिल्यापासून सरळ रेषेत लांबला नाही. त्यामुळे या ओळी घातवाढीच्याही नाहीत. जन्मदर खाली येताना तक्ता एका घराण्यातून बाहेर पडला, पण दुसऱ्यात शिरला नाही.