कांद्याची १६ गुणसूत्रे आणि चुकलेला तक्ता

जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या ओझर-येडगाव भागातल्या मुलांना कांदा काही नवा नाही. आळेफाटा आणि ओतूरच्या बाजारांत तो गोण्यांनी उतरतो. पेशीविभाजन शिकायलाही हेच पीक उत्तम, कारण त्याच्या शरीरपेशीत १६ गुणसूत्रे असतात आणि ती चांगली मोठी असल्याने शाळेच्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात. मुळाच्या टोकाशी सूत्री विभाजन चालते. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला डेंगळे येऊन गोंडे धरले, की त्यांतल्या कळ्यांच्या परागकोशांत अर्धगुणसूत्री विभाजन होते. म्हणून मुलांच्या उत्तरांतले गोंधळलेले आकडे कांद्याच्या १६ वरच तपासून पाहू.

मोजायचे कसे, हे आधी पक्के हवे. जितके गुणसूत्रबिंदू, तितकी गुणसूत्रे. विभाजनापूर्वी डीएनए दुप्पट होतो, तेव्हा प्रत्येक गुणसूत्राचे दोन क्रोमॅटिड होतात; पण ते एकाच गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेले असतात. त्यामुळे डीएनए दुप्पट झाला तरी गुणसूत्रे १६ च राहतात, क्रोमॅटिड मात्र ३२ होतात. गुणसूत्रांचा आकडा दोनच प्रसंगी बदलतो: क्रोमॅटिड एकमेकांपासून सुटले की वाढतो आणि एका केंद्रकाची दोन केंद्रके झाली की प्रत्येकातला आकडा कमी होतो.

आता नेहमी आढळणारे एक उत्तर घेऊ. सूत्री विभाजनासाठी विद्यार्थ्याने लिहिले आहे: पूर्वावस्था ३२, मध्यावस्था ३२, पश्चावस्था १६, जन्यपेशी १६. शेवटचा आकडा बरोबर आहे, म्हणून घाईत तपासणारा पुढे सरकतो. पण आधीचे तिन्ही आकडे चुकले आहेत. पहिल्या दोन अवस्थांत त्याने क्रोमॅटिड मोजून त्यांनाच गुणसूत्रे म्हटले. पश्चावस्थेत नेमके उलटे झाले. तिथे गुणसूत्रबिंदू दुभंगतात, प्रत्येक क्रोमॅटिड स्वतंत्र गुणसूत्र होते आणि पेशीत खरोखरच ३२ गुणसूत्रे असतात. त्याने एकाच ध्रुवाकडे जाणारी मोजली. बरोबर उत्तर असे: पूर्वावस्था १६, मध्यावस्था १६, पश्चावस्थेत संपूर्ण पेशीत ३२ आणि शेवटी प्रत्येक जन्यपेशीत १६.

इथे विद्यार्थ्याच्या बाजूने एक गोष्ट पाहायला हवी. त्याने ‘प्रत्येक ध्रुवाकडे १६’ असे लिहिले असेल तर ते बरोबरच आहे. अंत्यावस्थेतही तसेच: पेशी अजून एक आहे, पण केंद्रके दोन होत आहेत, म्हणून ‘पेशीत ३२’ आणि ‘प्रत्येक केंद्रकात १६’ ही दोन्ही उत्तरे खरी. प्रश्नात कशातली गुणसूत्रे मोजायची ते सांगितलेले नसेल, तर दोष प्रश्नाचा आहे आणि गुण कापणे अन्यायाचे आहे.

याच विद्यार्थ्याचे अर्धगुणसूत्री विभाजनाचे उत्तर: पूर्वावस्था-१ मध्ये ३२, पश्चावस्था-१ मध्ये १६, पहिल्या विभाजनाअखेर १६, दुसऱ्याअखेर ८. इथेही शेवट बरोबर जुळला आहे आणि पश्चावस्था-१ चा १६ सुद्धा दिसायला बरोबर आहे. मात्र त्याच्या हिशेबात संख्या १६ वरून ८ होते ती दुसऱ्या विभाजनात. प्रत्यक्षात ती पहिल्यातच होते.

पूर्वावस्था-१ मध्ये १६ गुणसूत्रांच्या समजात जोड्या जुळतात, म्हणजे ८ जोड्या. पश्चावस्था-१ मध्ये या जोड्या फुटतात, गुणसूत्रबिंदू दुभंगत नाहीत. प्रत्येक ध्रुवाकडे ८ अखंड गुणसूत्रे जातात, दोन-दोन क्रोमॅटिडसकट. संपूर्ण पेशीत १६ गुणसूत्रे आणि ३२ क्रोमॅटिड. पहिले विभाजन संपले की प्रत्येक पेशीत ८ गुणसूत्रे आणि १६ क्रोमॅटिड उरतात. पुढे डीएनए पुन्हा दुप्पट होत नाही. मध्यावस्था-२ मध्ये प्रत्येक पेशीत ८ च. पश्चावस्था-२ मध्ये गुणसूत्रबिंदू दुभंगले की त्या एका पेशीत थोडा वेळ १६ होतात आणि अखेर चारही पेशींत ८-८ येतात.

पश्चावस्था-१ आणि पश्चावस्था-२, दोन्हींत संपूर्ण पेशीत १६ च गुणसूत्रे येतात, आणि त्यामुळे चुकीचा विचार करूनही बरोबर आकडा लिहिता येतो. पहिल्या १६ सोबत ३२ क्रोमॅटिड आहेत, दुसऱ्या १६ सोबत १६ च. म्हणून तक्त्यात गुणसूत्रांच्या शेजारी क्रोमॅटिडचा रकाना जरूर मागावा. तो रकाना असला की विद्यार्थ्याने काय मोजले ते लगेच कळते.

आकृत्याही त्याच नजरेने पाहाव्यात. मध्यावस्था-१ मध्ये गुणसूत्रे जोडीजोडीने समोरासमोर हवीत. ती एकेकटी एका रांगेत काढली असतील, तर तिथे सूत्री विभाजनाची मध्यावस्था आली आहे.

शिक्षकांना एवढेच सांगणे: उत्तर तपासताना जन्यपेशींच्या आकड्यापासून सुरुवात करू नका, तो पाठांतरानेही बरोबर येतो. पश्चावस्थेच्या ओळी आधी पाहा.